‘लग्नाला पाच वर्षं झाली’ म्हणजे नक्की किती महिने? वंध्यत्वाची केस सेमिनारमध्ये कशी मांडायची

माझा वंध्यत्वाचा पहिला केस सेमिनार तिसऱ्याच स्लाइडवर अडकला. स्लाइडवर लिहिलं होतं, ‘लग्नाला ५ वर्षं, मूल नाही, प्रायमरी इन्फर्टिलिटी’. मागच्या रांगेतून प्रश्न आला, “पाच वर्षांत दोघं एकत्र किती दिवस राहिले?” मला माहीत नव्हतं. पुढचा प्रश्न, “नवऱ्याला कोणी तपासलं?” कोणीच तपासलं नव्हतं. मी ‘हजबंड: नथिंग सिग्निफिकंट’ असं लिहून मोकळी झाले होते. पस्तीस स्लाइड तयार होत्या, त्यातल्या तीनच दाखवून झाल्या आणि मी खाली बसले.

त्याच जोडप्याची केस मी दीड महिन्याने पुन्हा मांडली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं ते जोडपं होतं, ती २७ वर्षांची आणि तो ३२ वर्षांचा. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. या लेखात तीच केस धरून हिस्ट्रीपासून तपासण्यांपर्यंत जाऊ. उपचार हा वेगळा सेमिनार आहे, त्यात इथे शिरत नाही.

१. सेमिनारच्या आधी काय जवळ हवं

- जोडप्याकडची जुन्या कागदांची थैली. आपल्याकडे ती प्लास्टिकची असते आणि सहसा सासूच्या हातात असते. तिच्यातला प्रत्येक कागद तारखेनुसार लावून घ्या.
- मागच्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा. आठवत नसतील तर सणवार आणि शेतीची कामं धरून काढायच्या: पोळ्याच्या आधी की नंतर, सोयाबीन काढताना की कापूस वेचताना.
- वजनकाटा, उंचीची पट्टी, मापाची टेप.
- अंगावरच्या केसांसाठी मॉडिफाइड फेरिमन-गॉलवेचा तक्ता.
- प्राडरचा ऑर्किडोमीटर. आपल्या विभागात नसतो, सर्जरी किंवा एंडोक्रायनॉलॉजीकडून मागून आणा.
- दोघांचीही लेखी संमती. स्लाइडवर नाव नको. एचएसजीच्या फिल्मवर कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, ते झाकायला लोक हमखास विसरतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नवरा. त्याला आधी फोन करून दिवस ठरवा. कापसाच्या हंगामात तो येणार नाही आणि अमावस्येच्या आदल्या दिवशीही येणार नाही, हे गृहीत धरूनच तारीख द्या.

२. हिस्ट्री: आधी काळ मोजा

पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर सासूनेच दिलं, “लग्नाले पाच वर्स झाले जी, पाळणा काई हालला नाई.” मी पाच वर्षं लिहून घेतली. दुसऱ्या खेपेला सासूला औषधाच्या खिडकीकडे पाठवलं आणि सुनेला एकटीला विचारलं. ती म्हणाली, “ते तर चाकणले होते नं मॅडम. मी इकडंच होती.”

मग हिशेब मांडला. लग्नानंतरचे पहिले ४४ महिने नवरा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आणि ती सासरी गावात. वर्षातून चार वेळा तो आठ-दहा दिवसांसाठी येई, म्हणजे वर्षाचे जेमतेम चाळीस दिवस. नंतर त्याने काम सोडलं, घरची शेती धरली, आणि तेव्हापासूनचे १६ महिने दोघं एका घरात आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा संबंध येतो, कोणतंही साधन वापरत नाहीत.

व्याख्या सगळ्यांना पाठ असते: १२ महिने नियमित, विनासाधन संबंध येऊनही गर्भ न राहणं. बाई ३५ च्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच तपासण्या सुरू करायच्या. पण त्या व्याख्येतला ‘नियमित’ हा शब्द आपण वाचतो आणि सोडून देतो. गर्भ राहण्याची शक्यता बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढीच असते. जिची पाळी ३५ ते ५० दिवसांनी येते तिचे हे सहा दिवस नेमके नवऱ्याच्या रजेत पडणं हा निव्वळ योगायोग झाला. त्यामुळे मी दुसऱ्यांदा लिहिलं: ‘लग्नाला ५ वर्षं, त्यातील परिणामकारक सहवास १६ महिने, आधीचे ४४ महिने सहवास तुरळक’. व्याख्या दोन्हीत बसते, पण पाच वर्षांचं वंध्यत्व आणि सोळा महिन्यांचं वंध्यत्व यांच्यात आपोआप गर्भ राहण्याची आशा सारखी नसते. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

संबंधांबद्दल विचारताना पुस्तकी मराठी कामाची नाही. ‘लैंगिक संबंध’ म्हटलं की बाई मान खाली घालते आणि ‘हो’ म्हणते. “नवरा जवळ येतो का? पूर्ण आत जातं का? दुखतं का? पाणी आतच पडतं ना?” इतकं सरळ, हळू आवाजात, एकेक करून विचारा. लग्नाला चार वर्षं झालेलं, नळ्यांचा एक्स-रे आणि लॅपरोस्कोपीही झालेलं, पण विवाह मुळात पूर्णच न झालेलं एक जोडपं मी पाहिलं आहे. आधीच्या कोणत्याच कागदावर हा प्रश्न नव्हता.

३. पाळी आणि बाकीची हिस्ट्री

पाळी १३ व्या वर्षी आली आणि तेव्हापासूनच लांबते: ३५ ते ५० दिवसांनी, चार दिवस, फार वेदना नाहीत. ‘पाळी अनियमित’ एवढंच लिहू नका, आकडे लिहा. सुरुवातीपासून लांबते की अलीकडे लांबायला लागली, हेही लिहा. सुरुवातीपासून असेल तर पीसीओएस मनात येतो. अलीकडे लांबायला लागली असेल, आणि सोबत स्तनातून दूध येत असेल किंवा वजन चढत असेल, तर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड आधी आठवायला हवेत.

हनुवटीवर केस येतात, ती धाग्याने काढते. हे तिने आपण होऊन सांगितलं नाही. काढलेले केस दिसत नाहीत, म्हणून विचारावंच लागतं.

आधीच्या उपचारांत ‘गोळ्या खाल्ल्या’ एवढ्यावर थांबू नका. थैलीतल्या चिठ्ठ्यांत क्लोमिफेन सापडलं, तीन महिने, पण एकदाही सोनोग्राफीने बीज वाढतं का ते पाहिलेलं नव्हतं. म्हणजे क्लोमिफेनला दाद मिळाली नाही असं आपण म्हणू शकत नाही, कारण दाद मिळते का हे कोणी पाहिलंच नव्हतं. ‘पिशवी धुतली’ असं कोणी सांगितलं तर ती कधी धुतली, पाळीच्या आधी की नंतर, आणि तुकडा कुठे पाठवला, हे विचारा. उत्तर बहुधा मिळत नाही, पण विचारल्याची नोंद हवी.

कुटुंबाच्या हिस्ट्रीत एक ओळ निघाली आणि तिने पुढच्या तपासण्यांचा क्रम बदलला. सासऱ्यांना चार वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता, सहा महिने औषधं चालली. सून तेव्हा त्याच दोन खोल्यांच्या घरात राहत होती. तिला स्वतःला ताप, वजन घटणं, पोटदुखी असलं काही नाही. पण जननेंद्रियांचा टीबी पुष्कळदा वंध्यत्वाशिवाय दुसरं लक्षण दाखवत नाही.

सिकल सेल विचारायला विसरू नका. पूर्व विदर्भात तर नाहीच. घरात कोणाला वारंवार रक्त द्यावं लागतं का, सांधे दुखून दवाखान्यात ठेवावं लागतं का, दोघांची तपासणी झाली आहे का.

४. नवऱ्याची हिस्ट्री: स्वतंत्र स्लाइड

स्वतंत्र स्लाइड म्हणजे बायकोच्या स्लाइडच्या तळाशी लिहिलेली एक ओळ नव्हे. काम काय, उष्णतेजवळ उभं राहावं लागतं का, फवारणी करतो का, तंबाखू-खर्रा किती, दारू किती. लहानपणी गालगुंड झालं होतं का आणि त्यात गोळी सुजली होती का. हर्निया, हायड्रोसील किंवा न उतरलेल्या गोळीचं ऑपरेशन. आधीचं दुसरं लग्न आणि त्यातली मुलं. ताठरता, वीर्यपतन. मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का, कारण शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि आजच्या रिपोर्टवर त्या तापाची छाया असू शकते. सिकल सेलचा रुग्ण असेल तर हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का, कारण त्याने शुक्रजंतू कमी होतात.

या गृहस्थाचं २५ व्या वर्षी उजव्या बाजूच्या हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं होतं. आपला भाग हत्तीरोगाचा, त्यामुळे हे ऑपरेशन इथे इतकं सर्रास होतं की ते ‘ऑपरेशन’ म्हणून सांगितलंच जात नाही. “काही ऑपरेशन झालं का?” याला त्याने “नाही” म्हटलं होतं. “खाली, अंडाशी पाणी भरलं होतं का?” असं विचारल्यावर उत्तर आलं. मांडीच्या सांध्यातल्या किंवा वृषणाच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनीला इजा होऊ शकते, म्हणून ही ओळ महत्त्वाची.

५. तपासणी दोघांची

बाईची: वजन ६८ किलो, उंची १५४ सेंमी, बीएमआय २८.७. मानेमागे काळपट, मखमली कातडी. केसांचा स्कोअर १०. थायरॉइड लागत नाही, स्तनातून स्राव नाही. स्पेक्युलम तपासणीत गर्भमुख निरोगी. पर व्हजायनम तपासणीत पिशवी नेहमीच्या आकाराची, हलणारी, बाजूला गाठ नाही, दुखत नाही. ‘हलणारी’ हा शब्द मुद्दाम बोला. जखडलेली पिशवी एंडोमेट्रिओसिस किंवा जुन्या संसर्गाकडे बोट दाखवते, आणि बाजूची गाठ टीबीचा संशय वाढवते.

नवऱ्याची तपासणी आमच्या विभागात कोणी करत नाही. सर्जरीच्या रेसिडेंटला बोलावा, पण स्वतः शेजारी उभे राहा, कारण प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आहे. थंड खोलीत तपासू नका, अंडकोष आकसतो आणि काही कळत नाही. आधी झोपवून: दोन्ही गोळ्यांचं आकारमान ऑर्किडोमीटरने, दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बोटांत लागतात का. मग उभं करून, जोर करायला लावून: व्हेरिकोसील. या रुग्णात दोन्ही गोळ्या १८ मिलिलिटर, शुक्रवाहिन्या दोन्ही बाजूंना लागल्या, व्हेरिकोसील नाही, उजवीकडे जुना व्रण.

६. समरी आणि तात्पुरतं निदान

समरी पाच वाक्यांच्या पुढे गेली की हॉलमधल्या सगळ्यांचं लक्ष चहाकडे जातं. माझी अशी होती: ‘२७ वर्षांची, एकदाही गर्भ न राहिलेली स्त्री, १६ महिन्यांचा परिणामकारक सहवास, सुरुवातीपासून ३५-५० दिवसांनी पाळी, केसांची वाढ, बीएमआय २८.७. घरात टीबीचा संपर्क. नवऱ्याचं हायड्रोसीलचं ऑपरेशन झालेलं, तपासणी नेहमीसारखी. प्रायमरी इन्फर्टिलिटी, बीज न सुटणं हे संभाव्य कारण, बहुधा पीसीओएस. नळ्यांचा व पुरुषाचा घटक अजून तपासायचा आहे.’

शेवटचा तुकडा टाळू नका. पीसीओएस सापडला की हात झटकायचा मोह होतो. पण एका जोडप्यात दोन कारणं असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि सेमिनारमध्ये पाडतात ते इथेच.

७. तपासण्या: प्रत्येकीमागे हिस्ट्रीतला प्रश्न हवा

टॉर्च पॅनेल, अँटिस्पर्म अँटिबॉडी, सगळ्यांना एएमएच अशी यादी लावली तर ‘का?’ विचारलं जाईल आणि उत्तर नसेल. मी चारच प्रश्न ठेवले.

*वीर्य कसं आहे?* ही तपासणी पहिली, कारण ती स्वस्त आहे आणि बाईला एकही सुई लागत नाही. आमचा पहिला रिपोर्ट असा आला: संख्या मिलिलिटरला २४ दशलक्ष, पुढे सरकणारे फक्त ६ टक्के. ‘अस्थेनोस्पर्मिया’ म्हणून मी स्लाइड केलीही होती. मग लॅबच्या रजिस्टरमधली वेळ पाहिली. नमुना घरी सकाळी साडेसातला घेतलेला, खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत, पिशवीत घालून एसटीने आणलेला. लॅबमध्ये तपासला दहा वाजून वीस मिनिटांनी. शिवाय बायको माहेरी गेल्यामुळे २१ दिवस संबंध नव्हता. नमुना तासाभरात तपासायला हवा आणि त्याआधी २ ते ७ दिवसांचा खंड हवा. इथे दोन्ही चुकलं होतं. त्या ६ टक्क्यांवरून त्या माणसाबद्दल काहीच ठरवता येत नव्हतं.

दुसरा नमुना लॅबशेजारच्या खोलीतच घेतला, ३ दिवसांच्या खंडानंतर, दिलेल्या स्वच्छ डबीत: २.२ मिलिलिटर, मिलिलिटरला २८ दशलक्ष, पुढे सरकणारे ३८ टक्के, नेहमीच्या आकाराचे ५ टक्के. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलिटर, १६ दशलक्ष, ३० टक्के आणि ४ टक्के आहेत. या मर्यादा म्हणजे बाप होण्या-न होण्यातली रेघ नव्हे. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभराच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांतल्या खालच्या ५ टक्क्यांची ती सीमा आहे. हे एक वाक्य बोललात तर पुढचे दोन प्रश्न वाचतात.

नमुना नीट घेतलेला असून रिपोर्ट बिघडलेला असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करायचा. नमुनाच चुकीचा घेतला असेल तर तीन महिने थांबायचं कारण नाही. निरोधमध्ये घेतलेला नमुना परत पाठवा.

*बीज सुटतं का?* एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन हा पाठांतराचा सापळा आहे. ते एकविसाव्या दिवशी करतात कारण पाळी २८ दिवसांची धरलेली असते. खरा नियम ‘पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी’ असा आहे. ४२ दिवसांच्या पाळीत तो दिवस पस्तिसावा. या बाईचं एकविसाव्या दिवशी केलं असतं तर बीज सुटत असो वा नसो, आकडा कमीच आला असता. जिची पाळी सातत्याने ३५ दिवसांच्या पुढे जाते तिचं बीज नियमित सुटत नाही हे हिस्ट्रीच सांगते, तिथे ही तपासणी न केली तरी चालते. नियमित पाळीवालीत मात्र करा; ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं तर बीज सुटलं असं धरतात.

हिच्यात केलं ते टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सकाळचं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, कारण पीसीओएस म्हणण्याआधी त्याच्यासारखी दिसणारी दुसरी कारणं काढून टाकावी लागतात. सोबत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. रॉटरडॅमच्या तीनपैकी दोन निकष, लांबलेली पाळी आणि केस, आधीच पुरे होत होते. त्यामुळे सोनोग्राफी अंडाशयातल्या मण्यांच्या माळेसाठी नाही, पिशवी आणि बाजू पाहण्यासाठी केली.

*टीबी आहे का?* तुकडा पाळीच्या अगदी आधी घ्यायचा, कारण टीबीच्या गाठी एंडोमेट्रियमच्या वरच्या थरात होतात आणि तो थर पाळीबरोबर गळून जातो. पाळीच्या आधी त्यांना वाढायला जास्तीत जास्त वेळ मिळालेला असतो. हिची पाळी कधी येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ३८ व्या दिवशी, लघवीची गर्भचाचणी निगेटिव्ह पाहून घेतला.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक: ओटीतली सिस्टर सवयीने सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकते. फॉर्मेलिनमध्ये जिवाणू मरतात, कल्चर कायमचं गेलं. दोन डब्या आधीच चिकटपट्टी लावून तयार ठेवा: फॉर्मेलिनची हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, सलाइनची सीबीनॅट आणि कल्चरसाठी. आम्हाला ग्रॅन्युलोमा मिळाला नाही, सीबीनॅट निगेटिव्ह आलं. द्रव माध्यमातल्या कल्चरला निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागतात, त्यामुळे स्लाइडवर ‘प्रतीक्षेत’ लिहिलं. एंडोमेट्रियममध्ये जिवाणू फार थोडे असतात, म्हणून सीबीनॅट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच, असं म्हणता येत नाही. उलट, निव्वळ पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांची औषधंही सुरू करता येत नाहीत.

त्याच तुकड्याने न विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर दिलं. ३८ व्या दिवशीही एंडोमेट्रियम प्रोलिफरेटिव्हच होतं, म्हणजे त्या महिन्यात तोवर बीज सुटलेलं नव्हतं. ही ओळ माझ्या स्लाइडवर नव्हती, पॅथॉलॉजीच्या मॅडमनी सेमिनारमध्ये उठून सांगितली.

*नळ्या मोकळ्या आहेत का?* संसर्गाची लक्षणं नव्हती आणि तुकड्याचे पहिले दोन रिपोर्ट हातात आले होते, म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळी आणवून आठव्या दिवशी एचएसजी केली. रक्तस्राव पूर्ण थांबलेला हवा आणि पाळी आल्यापासून संबंध नको. उजवी नळी भरली, औषध पोटात मोकळं सांडलं. डावी कोपऱ्यातच थांबली. रिपोर्टवर ‘लेफ्ट कॉर्न्युअल ब्लॉक’ असं छापून आलं होतं. मी स्लाइडवर ‘डावी नळी सुरुवातीला भरली नाही: आकुंचन किंवा अडथळा’ असं लिहिलं, कारण औषध जाताना नळीचं तोंड आवळलं तरी चित्र हुबेहूब असंच दिसतं. मण्यांसारखी किंवा शिशाच्या नळीसारखी ताठ नळी दिसली असती तर टीबीचा संशय पुन्हा वर आला असता. तसं काही नव्हतं.

राहिलं सिकल सेल. तिची सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, म्हणून एचपीएलसी केली: ती वाहक. मग नवऱ्याचं रक्त घेतलं, कारण दोघंही वाहक असतील तर दर गर्भाला चारात एक बाळ आजारी असण्याची शक्यता असते, आणि हे गर्भ राहण्याआधी कळलेलं बरं. त्याचा रिपोर्ट सेमिनारच्या सकाळी साडेआठला आला, नॉर्मल. शेवटची स्लाइड मी जिन्यात उभी राहून बदलली.